गंजाचा प्रयोग: आठवडाभराच्या चार परीक्षानळ्या

‘लोखंड कशामुळे गंजतं?’ असं सातवीच्या वर्गात विचारलं की एकच उत्तर येतं, ‘पाण्यामुळे.’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. नव्याने शिकवायला लागलेल्यांना माझं सांगणं असं, की हा सगळा प्रयोग त्या उरलेल्या अर्ध्यासाठी मांडायचा.

आधी खिळ्यांकडे बघा. दुकानातून साधे लोखंडी खिळे मागून घ्या. चकचकीत पांढरट खिळ्यांवर जस्ताचा मुलामा असतो आणि ते आठवडाभर जसेच्या तसे राहतात. साध्या खिळ्यांनाही तेलाचा हात असतो, म्हणून ते साबणाने धुऊन, पॉलिश पेपरने घासून, लगेच पुसून कोरडे करायचे.

पहिल्या नळीत नळाचं पाणी, खिळा अर्धा बुडेल इतकं. दुसरीत तितकंच मिठाचं पाणी. तिसरीत कोरडी हवा: तळाशी कॅल्शियम क्लोराईड, वर थोडा कापूस, त्यावर खिळा आणि घट्ट बूच. पावसाळ्यात वर्गातली हवाच दमट असते, त्यामुळे हे बूच सैल ठेवून चालत नाही.

खरी मेहनत चौथ्या नळीची. पाणी दहा मिनिटं चांगलं उकळायचं, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते. ते गरम असतानाच खिळा पूर्ण बुडेल असं हळूच, धार न उडवता ओतायचं आणि लगेच वर तेलाचा जाड थर द्यायचा. एका गटाच्या नळीत चौथ्या दिवशी तांबूस ठिपके दिसले. मुलं म्हणाली, ‘बाई, पाण्यानेच गंजला ना!’ त्यांनाच विचारलं, पाणी कधी ओतलं? गार झाल्यावर. गार होताना पाण्याने हवा परत शोषून घेतली होती. शेजारच्या गटाचा खिळा मात्र पाण्यात बुडूनही स्वच्छ होता. दोन्ही नळ्या शेजारी धरल्यावर ‘हवा पण लागते’ हे मुलांच्याच तोंडून आलं. तेलातूनही ऑक्सिजन अगदी सावकाश झिरपतो, त्यामुळे महिनाभर ठेवलेली नळी पुरावा म्हणून वापरू नका.

मिठाच्या पाण्यातला खिळा बहुधा सगळ्यांत लवकर गंजतो. मीठ स्वतः लोखंडाशी संयोग पावत नाही, ते गंजण्याची क्रिया जलद करतं. हे स्पष्ट सांगा, नाहीतर गंजाला मीठ लागतंच असं मुलं लिहून ठेवतात.

आठव्या दिवशी याच नळीच्या तळाचा तांबूस गाळ गाळून वाळवा. खिळा खरवडून भुकटी काढू नका, तिच्यात लोखंडाचा चुरा मिसळतो. भुकटी कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा, मग त्याच कागदावर खिळा ठेवून फिरवा. खिळा चुंबकामागे धावतो, भुकटी जवळपास जागची हलत नाही. बर्फ वितळला तरी पाणी पाणीच राहतं, इथे मात्र लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी मिळून वेगळाच पदार्थ तयार झाला आहे, हे सांगायची जागा हीच. ‘रासायनिक बदल’ हे शब्द मी तोवर फळ्यावर लिहीत नाही.