मोठ्या दुरुस्त्या आल्या? आधी दावा तपासा

पीएचडीच्या व्हायव्हात हमखास येणारा प्रश्न: "24 मुलाखतींवरून एवढा मोठा निष्कर्ष कसा काढलात?" इथे "वेळ कमी होता" हे उत्तर घात करतं. माणसं कशी निवडली, कितव्या मुलाखतीनंतर नवे मुद्दे येणं थांबलं आणि निष्कर्ष कुणाला लागू होत नाही, हे सांगावं.

तरीही परीक्षकांनी प्रबंधात मोठी दुरुस्ती सांगितलीच, तर लगेच नव्या मुलाखतींच्या मागे लागू नका. माझ्या पाहण्यात बहुतेकदा दुखणं दाव्यातच असतं. "शिक्षक असं मानतात" याऐवजी "मुलाखत दिलेले बहुतेक शिक्षक असं मानतात" असं लिहा. हाच बदल गोषवाऱ्यात आणि शेवटच्या प्रकरणातही करा. नेमका तिथेच तो राहून जातो. दुरुस्त प्रबंधासोबत तक्ता द्या: परीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं, केलेला बदल, पान क्रमांक. पान क्रमांक मात्र अगदी शेवटी भरा, कारण दुरुस्त्या करताना मजकूर पुढेमागे सरकतो.