खोटा निकाल सांगायचा असेल तर डिब्रीफिंग आधी लिहा

सोलापुरात मानसशास्त्राचं पहिलं संशोधन करणाऱ्यांकडून एक आराखडा वारंवार ऐकायला मिळतो. विद्यार्थ्यांना शब्दकोडी द्यायची, निम्म्यांना 'तुमचे गुण सरासरीपेक्षा कमी आहेत' असं खोटंच सांगायचं आणि पुढच्या कोड्यावर कोण किती वेळ टिकतं ते पाहायचं. अशी फसवणूक नियमात बसू शकते, पण नीतिशास्त्र समितीची मंजुरी हवी आणि ती माहिती गोळा करण्याआधीच हवी.

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, शिवाय कायदा जाणणारी आणि सामान्य माणसांच्या बाजूने पाहणारी व्यक्तीही असते. माझ्या अनुभवात खरा प्रश्न या शेवटच्या व्यक्तीकडूनच येतो. आमच्या बैठकीत विचारलं गेलं, "आई विड्या वळते, घरी तेलुगू बोलतात, कॉलेजात पोचलेली ही घरातली पहिलीच मुलगी. मराठीत कमी गुण ऐकून ती घरी काय घेऊन जाईल?" मग आम्ही मराठी शब्दांऐवजी आकृत्यांची कोडी घेतली.

संमतिपत्रात हेतूचा काही भाग राखून ठेवता येतो, धोका मात्र लपवता येत नाही. 'काही माहिती शेवटी सांगू, निकाल ऐकून थोडं वाईट वाटू शकतं, केव्हाही उठून जाता येईल' हे लिहाच. सही घेताना वर्गशिक्षक खोलीत नकोत, त्यांच्यासमोर नाही म्हणणं मुलांना जड जातं. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

सगळ्यात जास्त वेळ डिब्रीफिंगला, म्हणजे प्रयोग संपल्यावर खरं काय होतं ते समजावून सांगायला द्या. 'गुण खोटे होते' एवढं सांगून भागत नाही. रॉस, लेपर आणि हबर्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली दाखवलं की निकाल बनावट होता हे कळल्यावरही स्वतःबद्दलचं मत बऱ्याच अंशी तसंच उरतं, कारण तोवर माणसाने त्या निकालाची कारणं मनात जुळवलेली असतात. हा चिकटपणाच समजावून सांगितला, तेव्हा परिणाम बराच ओसरला.

म्हणून खोलीतून बाहेर पडण्याआधी, एकेकाला बसवून बोला. समोरची मुलगी येण्याआधीच चिठ्ठी टाकून ठरलेला गट तिला दाखवा, तिची उत्तरं तपासलीच नव्हती हे सांगा. लपवल्याशिवाय का चाललं नसतं, तेही सांगा. मग तिच्याच शब्दांत विचारा, "काय झालं होतं?" उत्तर 'तरी माझं डोकं जरा कमीच चालतं' असं आलं, तर डिब्रीफिंग झालेलं नाही. पुन्हा बसा, आणि गरज वाटली तर समुपदेशकाशी तिथल्या तिथे गाठ घालून द्या.

सगळं कळल्यावर तिची माहिती वापरायला पुन्हा परवानगी घ्या. नको म्हणाली तर तिची नोंद काढून टाका, आणि अशा किती नोंदी काढल्या ते प्रबंधात लिहा.