थकलेल्या बिलाचा फोन कसा करायचा, पार्टीही टिकेल आणि तारीखही मिळेल असा

आमचं भोसरीला पॅकिंगच्या खोक्यांचं काम आहे, महिन्यातले दोन दिवस तरी वसुलीच्या फोनमध्ये जातात. सुरुवातीला मी "मॅडम, पेमेंट कधी होईल?" असंच विचारायचो आणि "बघते, करते" ऐकून फोन ठेवायचो, त्यात तारीख कुठे मिळाली? मग सवय बदलली.

एक बिल धरून सांगतो. 3 जुलैचं बिल, रक्कम 86,400, ठरलेली मुदत 30 दिवस, म्हणजे 2 ऑगस्टला ड्यू. आज 19 ऑगस्ट, 17 दिवस वर गेलेत.

फोन लावायच्या आधी बिल नंबर, चलनाची सही-शिक्क्याची कॉपी आणि त्या पार्टीचं लेजर समोर ठेवा. लेजर नीट बघाच, कारण कधीकधी पैसे आलेले असतात आणि आपणच दुसऱ्या बिलात टाकलेले असतात, मग समोरच्याला उगाच वाईट वाटतं आणि पुढच्या फोनला आपलं तोंड राहत नाही. फोन अकाउंट्सलाच करा, साधारण अकराच्या पुढे, आणि महिनाअखेर किंवा जीएसटी रिटर्नच्या तारखा टाळा, त्या दिवशी त्यांना खरंच वेळ नसतो.

सुरुवात अशी करा:

"नमस्कार मॅडम, खोकीवाल्यांकडून बोलतोय. दोन मिनिटं बोलू का? 3 जुलैचं 86,400चं बिल तुमच्याकडे एंटर झालंय ना, तेवढं बघून सांगता का?"

इथे पैसे मागितलेलेच नाहीत, बिल एंटर झालंय का एवढंच विचारलंय. निम्म्या वेळा उशिराचं कारण इथेच सापडतं: बिल स्टोअरमध्ये अडकलेलं असतं, पीओ नंबर जुळत नसतो, नाहीतर मेल दुसऱ्याच कुणाकडे गेलेली असते. तसं असेल तर "लगेच परत पाठवतो, पाच मिनिटांनी बघून घ्याल का?" म्हणा आणि खरंच पाच मिनिटांत पाठवा.

बिल एंटर असेल तर पुढचं वाक्य:

"छान. 2 तारखेला ड्यू होतं, सतरा दिवस झालेत. तुमचं पेमेंट कुठल्या वारी निघतं?"

"कधी देणार" यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण बऱ्याच कंपन्यांत पेमेंट ठरलेल्या दिवशीच निघतं आणि त्या मॅडमना वार सांगायला काही अडचण नसते. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी निघतं, पण या आठवड्याची लिस्ट सरांकडे गेली", तर:

"मग पुढच्या शुक्रवारी, 29 तारखेच्या लिस्टमध्ये आपलं नाव टाकता का?"

एवढं बोलून गप्प बसा. हे अवघड जातं, आपणच घाईने "नाहीतर पुढच्या महिन्यात चालेल" म्हणून मोकळे होतो, म्हणून चार-पाच सेकंद थांबा, त्यांना उत्तर देऊ द्या. "सरांना विचारावं लागेल" आलं तर "विचारा ना, उद्या बारा वाजता फोन करू का?" म्हणजे पेमेंटची नाही तरी उत्तराची तारीख हातात येते.

कधी अडचण वेगळी असते, "तुमची चाळीस खोकी ओली आली होती." तिथे वाद घालू नका. "बरोबर, त्या खोक्यांचे जेवढे होतात तेवढ्याची डेबिट नोट काढा, मी बघतो, पण बाकीची रक्कम तर क्लिअर आहे ना, ती 29 ला सोडता का?" चाळीस खोक्यांपायी अख्खं बिल अडकून राहतं ते यामुळे सुटतं. आणि त्या डेबिट नोटचं मग खरंच बघा, विसरू नका.

शेवटी तारीख परत म्हणून दाखवा: "म्हणजे शुक्रवारी 29 तारखेला 86,400, बरोबर?" फोन ठेवल्या ठेवल्या व्हॉट्सॲप करा:

"मॅडम, बोलल्याप्रमाणे 3 जुलैच्या बिलाचे 86,400 शुक्रवार 29 ऑगस्टला. टीडीएस कापला तर तेवढं कळवा, आणि झाल्यावर यूटीआर नंबर पाठवा. वेळ दिल्याबद्दल आभार."

टीडीएसचं आधीच लिहिलं की पैसे कमी आले म्हणून परत फोन करावा लागत नाही.

या पहिल्या फोनमध्ये कायदा काढू नका. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर मुदत देता येत नाही आणि उशिरावर व्याज लागतं, उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदाराला ते मागता येतं, पण तारीख देणाऱ्या माणसाला हे ऐकवलं की पुढचे फोन उचलले जात नाहीत. दोन तारखा चुकल्या की मग मालकाशी बोलताना ते काढायचं.

27 ला, म्हणजे दोन दिवस आधी, एकच ओळ टाका: "मॅडम, शुक्रवारच्या लिस्टमध्ये आपलं आहे ना?" 29 ला संध्याकाळपर्यंत यूटीआर आला नाही तर सोमवारी सकाळी फोन करा, आवाज तोच ठेवा: "मॅडम, शुक्रवारी काही अडलं का? आता कुठली तारीख धरू?"