छोट्या नोटिशीत ‘ब’चा ‘व’ होतो तेव्हा: फॉन्ट निवडताना या चुका टाळा

तालुक्याच्या एका साप्ताहिकाची पानं लावताना जमिनीच्या व्यवहाराची एक जाहीर नोटीस आली होती. त्यात ‘गट नं. 186, हिस्सा ब’ असं होतं. जागा कमी पडत होती, म्हणून मी ती 7 पॉइंटात बसवली आणि नीट दिसावी म्हणून बोल्ड केली. अंक छापून आला तेव्हा ‘ब’ आणि ‘व’ ओळखू येईनात. पक्षकाराला नोटीस पुन्हा छापून द्यावी लागली. प्रूफ मी दोनदा वाचलं होतं, पण ते ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर, गुळगुळीत कागदावर काढलेलं होतं.

न्यूजप्रिंट हा सच्छिद्र कागद. त्यावरची शाई मुख्यतः कागदात मुरून बसते, आणि मुरताना थोडी बाजूलाही पसरते. त्यामुळे रेघ जाड होते आणि अक्षराच्या पोटातली पांढरी जागा घटते. ‘ब’च्या पोटात तिरकी रेघ असल्यामुळे तिथे दोन बारीक भोकं उरतात. समजा, रेग्युलर वजनात भोक 0.20 मिलिमीटर रुंद आहे आणि शाई प्रत्येक कडेनं 0.035 मिलिमीटर पसरली. म्हणजे 0.13 उरतं, अक्षर वाचता येतं. बोल्डमध्ये भोक मुळातच 0.09 असेल तर उरतं फक्त 0.02. ते भरलंच म्हणायचं. ‘व’चं पोटही असंच भरलं की दोन्ही अक्षरं सारखेच काळे गोळे दिसतात. ‘प’ आणि ‘ष’चं तेच.

म्हणून बारीक मजकुराला बोल्ड करणं ही पहिली चूक. पण घाबरून एकदम लाइट फॉन्ट घेणंही चूकच. शाई रेघ जाड करते खरी, पण खरबरीत कागदावर बारीक रेघ तुटतेही, आणि मग अनुस्वार किंवा रफारच गायब होतो. ज्या फॉन्टमध्ये जाड आणि बारीक रेघेत मोठा फरक असतो, तिथे हे दोन्ही त्रास एकाच शब्दात दिसतात. रेघ जवळपास एकसारखी आणि पोटं मोकळी असलेलं वळण घ्यावं. मी ‘मुक्ता’चं रेग्युलर वापरतो, ‘नोटो सान्स देवनागरी’ही चालतं. नाव कुठलंही असो, स्क्रीनवर ‘ब’ मोठा करून पाहा. त्याचं सर्वांत अरुंद भोक रेघेच्या जाडीपेक्षा लहान असेल तर तो फॉन्ट नोटिशीसाठी सोडा. हा माझा ठोकताळा आहे.

दुसरी जागा म्हणजे शिरोरेषेतली खिंड. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावर डावीकडे रेघ तुटलेली असते, म्हणूनच ते ‘म’ आणि ‘घ’पासून वेगळे दिसतात. खिंड अरुंद असेल तर शाई ती बुजवते आणि भोरेंचे मोरे होतात. नोटिशीत आडनाव बदललं तर ती नोटीसच कामाची राहत नाही. मी नवा फॉन्ट घेतला की ‘भोरे मोरे, धाटे घाटे, ब व, प ष, थ य’ एवढंच एका ओळीत लावून पाहतो.

जागेसाठी अक्षर आडवं दाबून 80 टक्के करू नका. उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेषा तशीच जाड राहते आणि पोटं आवळली जातात. त्यापेक्षा मजकुरातले फालतू शब्द कापा.

छपाईपूर्वी घरीच अंदाज घेता येतो. मजकुराला 0.2 पॉइंटची काळी आउटलाइन द्या. तिचा निम्मा भाग बाहेर जातो, म्हणजे प्रत्येक कडेला 0.1 पॉइंट, साधारण 0.035 मिलिमीटर. मूळ मापात प्रिंट काढून हातभर अंतरावरून वाचा. ‘ब’ कळला तर बरं. नाही कळला तर फॉन्ट बदला किंवा माप 8 पॉइंट करा. फाइल पाठवण्याआधी आउटलाइन आठवणीनं काढा. प्रेसमध्ये न्यूजप्रिंटवरच चाचणी मिळाली तर त्याहून उत्तम.

फोन डिरेक्टरीच्या स्वस्त कागदासाठी मॅथ्यू कार्टर यांनी 1978 मध्ये बेल सेन्टेनियल हा इंग्रजी फॉन्ट दिला. त्यात रेघा जुळतात तिथे मुद्दाम खाचा ठेवल्या होत्या. छापताना शाई त्या भरून काढायची. देवनागरीतही कोपरे मोकळे असलेलं वळण याच कारणानं टिकतं.

अंक हातात आल्यावर भिंग लावून पाहा. रेघ चारही बाजूंनी फुगलीय तर शाईचा पसारा. एकाच दिशेनं ओढल्यासारखी असेल तर घोळ छपाईच्या सरकण्याचा, तिथे फॉन्ट बदलून उपयोग नाही. कडेला निळी-गुलाबी झालर दिसली तर काळा मजकूर चार रंगांत गेलाय. फाइलमध्ये तो फक्त काळ्या शाईचा, 100 टक्के करा. आणि जाड चौकटी, फोटोही गडद आले असतील, समोरच्या पानावर डाग उमटले असतील, तर शाईच जास्त सोडलीय. ते मशीनवाल्यांनाच सांगावं लागतं.