लाख-कोटींचे आकडे अरबीत लिहिताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याचा ताळेबंद दुबईच्या खरेदीदारासाठी अरबीत करून देताना माझ्यासमोर मोबाइलवर काढलेला फोटो होता, आणि त्यातील रकमेवर शिक्का अर्धवट उमटलेला होता. शिक्क्याखालचे शून्य न दिसल्यामुळे मी ती रक्कम २७,५०,००० अशी वाचली. मूळ आकडा २,०७,५०,००० होता. खाली लिहिलेली ‘अक्षरी रुपये दोन कोटी सात लाख पन्नास हजार फक्त’ ही ओळ पाहिल्यावरच चूक लक्षात आली, म्हणून फोटोतील आकडा आधी अक्षरी रकमेशी ताडून पाहावा. दोन्ही जुळत नसतील तर अंदाज न करता मूळ कागद मागवावा.

त्यानंतरची मोठी चूक म्हणजे कोटी, लाख आणि हजार यांचे एकेक करून भाषांतर करणे. तसे केले की ‘सात लाख’ आणि ‘पन्नास हजार’ हे अरबीत दोन सुटे हजार होतात, तर अरबी वाचकाला ते एकत्र, म्हणजे साडेसातशे हजार असे हवे असतात. त्यासाठी सगळे स्वल्पविराम काढून अंक मोजावेत (येथे ते आठ आहेत) आणि उजवीकडून तीन-तीनचे गट पाडावेत: २०,७५०,०००. आता वाचन सरळ होते: ‘इश्रून मिल्यूनन व सबअमिअत व खम्सून अल्फ रूबिया हिंदिया’, म्हणजे वीस दशलक्ष आणि साडेसातशे हजार भारतीय रुपये. रुपया इतर देशांचाही असल्यामुळे शेवटचे ‘हिंदिया’ गाळू नये. उलट पडताळणीसाठी दशलक्षांच्या आकड्याला दहाने भागावे, २०.७५ चे २.०७५ कोटी आले की रक्कम बरोबर आहे.

वीस लाख लिहिताना व्याकरणाकडे लक्ष हवे. अरबीत दोनासाठी द्विवचन असते आणि पुढे रुपया येताच त्याचा शेवटचा ‘न’ गळतो, त्यामुळे ‘मिल्यूनान रूबिया’ नव्हे, तर ‘मिल्यूना रूबिया’ लिहावे लागते. शंभर कोटींसाठी ‘मिल्यार’ हा शब्द वापरावा. ‘लाख’ हा शब्द तसाच ठेवू नये. आखातातील काही जुन्या लोकांना ‘लक्क’ ठाऊक असतो, पण कैरोच्या वाचकाला तो कळेलच असे नाही.

देवनागरी अंक तसेच ठेवणे सर्वांत घातक आहे, कारण आपले ० त्यांच्या पाचासारखे आणि आपला १ त्यांच्या नऊसारखा दिसतो, त्यामुळे १० हे ९५ असे वाचले जाऊ शकतात. शेवटचे ‘/-’ हे चिन्हही काढावे, कारण उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या ओळीत ते आकड्याच्या भलत्याच बाजूला जाते. त्याचे काम अरबी कागदात शब्दच करतात: रकमेच्या आरंभी ‘फकत’ आणि शेवटी ‘ला गैर’. आपले ‘फक्त’ त्याच अरबी शब्दावरून आले आहे, मात्र आपण ते रकमेनंतर लिहितो.