या चुका टाळा: स्टॉपिंग पोटेन्शियलच्या गणितात आधी वजाबाकी, मग बाकी सगळं

एका धातूवर 400 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकला, तर स्टॉपिंग पोटेन्शियल 0.80 व्होल्ट येतं. त्याच धातूवर 300 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर किती येईल?

हे उदाहरण मी वर्गात नेहमी घालतो, आणि दरवेळी बऱ्याच वह्यांत 1.07 व्होल्ट हे उत्तर सापडतं. ते कुठून आलं हे लगेच कळतं. तरंगलांबी चारास तीन झाली, म्हणजे फ्रिक्वेन्सी तिनास चार झाली, म्हणून 0.80 ला 4/3 ने गुणलं. फ्रिक्वेन्सी वाढली की स्टॉपिंग पोटेन्शियल वाढतं हे मुलांना ठाऊक असतं, पण वाढणं म्हणजे समप्रमाणात वाढणं नव्हे. आइन्स्टाइनने 1905 साली मांडलेलं समीकरण असं आहे:

eV₀ = hν − φ

यातलं `hν` फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतं. वर्क फंक्शन `φ` मात्र धातूचं असतं, प्रकाश कोणताही आला तरी तेवढंच वजा होतं. त्यामुळे गुणोत्तर फक्त फोटॉनच्या ऊर्जेला लावता येतं, वजाबाकीनंतर उरलेल्या रकमेला नाही.

आता उदाहरण सोडवू. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हवी असेल, तर 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. 400 साठी 3.10 येतात. स्टॉपिंग पोटेन्शियल 0.80 व्होल्ट आहे, म्हणजे सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनकडे 0.80 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा उरली. उरलेले 2.30 धातूने घेतले, तेच वर्क फंक्शन. आता 300 नॅनोमीटरच्या फोटॉनकडे 4.13 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहेत. त्यातून तेच 2.30 गेले की 1.83 उरतात. उत्तर 1.83 व्होल्ट. फोटॉनची ऊर्जा फक्त एक-तृतीयांशाने वाढली, तरी स्टॉपिंग पोटेन्शियल दुपटीहून जास्त झालं. उत्तर नेमकं 4/3 पट आलं, तर वर्क फंक्शन वजा करायचं राहिलं असं खुशाल समजावं.

वर एक गोष्ट सहज होऊन गेली, तिथे जरा थांबू या. 0.80 व्होल्टचे 0.80 इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाले, त्यासाठी कशाला गुणावं लागलं नाही. इलेक्ट्रॉन-व्होल्टची व्याख्याच तशी आहे: एक इलेक्ट्रॉन एक व्होल्ट ओलांडताना जेवढी ऊर्जा कमावतो किंवा गमावतो तेवढी. आकडा तोच राहतो, राशी मात्र वेगळ्या आहेत. एक विभव आहे, दुसरी ऊर्जा. गोंधळ होतो तो अर्ध्या वाटेवर एकक बदललं की. `hν` ज्यूलमध्ये काढायचं, `φ` इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्येच ठेवायचं आणि दोन्हींची वजाबाकी करायची, ही चूक वरचेवर दिसते. ती ओळखायला सोपी आहे. उत्तर जवळजवळ −2.30 येतं, कारण 10⁻¹⁹ च्या आसपासची संख्या 2.30 समोर नसल्यासारखीच असते. आणि सगळं ज्यूलमध्ये बरोबर सोडवूनही शेवटी `e` ने भागायचं राहिलं, तर स्टॉपिंग पोटेन्शियल 2.9 × 10⁻¹⁹ व्होल्ट असं काहीतरी येतं. साध्या प्रकाशासाठी आणि नेहमीच्या धातूंसाठी हे उत्तर शून्य ते काही व्होल्ट इतकंच असतं, हे डोक्यात पक्कं ठेवलं की अशी चूक तिथल्या तिथे पकडता येते.

थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सीचा हिशोब यातूनच निघतो. फोटॉनची सगळी ऊर्जा बाहेर पडण्यातच संपली, शिल्लक शून्य, ती ही मर्यादा. 2.30 इलेक्ट्रॉन-व्होल्टसाठी ती 5.56 × 10¹⁴ हर्ट्झ येते, आणि तरंगलांबी 539 नॅनोमीटर. इथे घसरतो तो पाय दिशेवर: थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सी किमान असते, पण थ्रेशोल्ड तरंगलांबी कमाल असते. समजा याच धातूवर 600 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला. फोटॉनकडे 2.07 आहेत आणि लागतात 2.30. वजाबाकी −0.23 येते. काही जण स्टॉपिंग पोटेन्शियल −0.23 व्होल्ट लिहितात, काही जण चिन्ह पुसून 0.23 लिहितात. दुसरं जास्त घातक, कारण ते उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित असतं. इथे इलेक्ट्रॉन सुटतच नाही, मग थांबवायचं कुणाला? उत्तर एवढंच: उत्सर्जन होत नाही. प्रकाशाची तीव्रता दहापट केली तरी होत नाही. तीव्रतेने फोटॉनची संख्या वाढते, एकेका फोटॉनची ऊर्जा नाही.

आता आलेखाकडे. समजा `h` माहीत नाही आणि वरच्या दोन नोंदींवरून तो काढायचा आहे. 7.5 × 10¹⁴ हर्ट्झला 0.80 व्होल्ट, 10 × 10¹⁴ हर्ट्झला 1.83 व्होल्ट. चढ म्हणजे फरकाला फरकाने भागणं: 1.03 भागिले 2.5 × 10¹⁴, म्हणजे 4.12 × 10⁻¹⁵. हा अजून `h` नाही, `h/e` आहे. त्याला `e` ने गुणलं की 6.6 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद मिळतात. एकाच बिंदूवरून 0.80 ला 7.5 × 10¹⁴ ने भागणाऱ्याला मात्र `h` जवळपास चौपट लहान मिळतो, आणि दुसऱ्या बिंदूवरून तसंच केलं तर तिसरंच काहीतरी. दोन बिंदूंवरून दोन वेगळे `h` आले की समजावं, रेषा आरंभबिंदूतून जाते असं आपण नकळत धरलं.

उभ्या अक्षावरचा छेद −φ/e असतो, म्हणजे इथे −2.30 व्होल्ट. पण नोंदी सगळ्या उजवीकडे गोळा झालेल्या असतात, म्हणून आलेखाचा आडवा अक्ष बऱ्याचदा 6 × 10¹⁴ पासून सुरू केलेला असतो. तिथे रेषा उभ्या अक्षाला +0.18 वर छेदते, आणि तोच आकडा छेद म्हणून उतरवला जातो. छेद धन दिसला की आधी आडव्या अक्षाचा पहिला आकडा वाचा. तो शून्य नसेल तर छेद डोळ्यांनी वाचू नका, चढ आणि एक बिंदू घेऊन हिशोबाने काढा.

प्रयोगशाळेत मात्र आणखी एक पेच आहे, जो पुस्तकी उदाहरणं बाजूला ठेवतात. प्रकाश पडणारी पट्टी आणि इलेक्ट्रॉन गोळा करणारी पट्टी वेगळ्या धातूंची असेल, तर दोघींमध्ये मुळातच संपर्क विभव असतं. ते धरून हिशोब केला तर मोजलेल्या स्टॉपिंग पोटेन्शियलमधून पहिल्या पट्टीचं वर्क फंक्शन कटतं आणि गोळा करणाऱ्या पट्टीचं उरतं. चढाला धक्का लागत नाही, `h` बरोबरच येतो. छेद मात्र भलत्याच धातूचा असतो. मिलिकनने 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत म्हणूनच हे संपर्क विभव वेगळं मोजलं होतं, आणि धातूचा पृष्ठभाग निर्वात नळीच्या आतच खरवडून ताजा केला होता. त्याला `h` 6.57 × 10⁻³⁴ मिळाला. तेव्हा प्रयोगात `h` चांगला आला आणि वर्क फंक्शन कोष्टकाशी जुळलं नाही, तर आकडे खोडू नका. गोळा करणारी पट्टी कोणत्या धातूची आहे ते बघा. थ्रेशोल्डजवळ मीटरवर ऋण स्टॉपिंग पोटेन्शियल दिसलं, तर त्याचंही कारण तिथेच असू शकतं.