हार्ट फेल्युअर आणि मधुमेह: गोळ्यांचं पाकीट कसं वाचावं, सूज आणि वजन कसं पाहावं

औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे दापोलीत माझी 27 वर्षं गेली. गणपतीच्या पाचव्या दिवशी आमच्या वाडीतली एक काकी चपला हातात घेऊन दुकानात आली. "चपला पायात जात नाहीत रे. आरतीला उभं राहून राहून सुजलेत, आणखी काही नाही. मलम दे काहीतरी." वय 64. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, इकोत हृदयाचं पंपिंग 35 टक्के. मधुमेह त्याच्याही आधीपासूनचा.

मी मलम दिलं नाही. साखरेची कुठली गोळी चालू आहे, ते विचारलं. तिने पिशवीतून पाकीट काढलं आणि मी ते उलटं केलं.

आधी पाकीट उलटून वाचा

समोरच्या बाजूला कंपनीने ठेवलेलं नाव असतं, ते बाजूला ठेवा. मागच्या बारीक अक्षरांत गोळीत कुठलं औषध किती आहे ते छापलेलं असतं. इंग्रजीत असतं, म्हणून घरातल्या शिकत्या पोराला वाचायला लावा. काकीच्या एका गोळीत तीन औषधं होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन 15 मिलिग्रॅम. शोधायचं होतं ते हे तिसरं नाव.

पायोग्लिटाझोन साखर चांगली उतरवतं आणि स्वस्तही आहे, म्हणून अशा तिहेरी गोळ्या आपल्याकडे खूप खपतात. पण ते मूत्रपिंडाकडून मीठ धरून ठेवतं, आणि मिठामागे पाणी येतं. धडधाकट हृदय हे जास्तीचं पाणी बऱ्याचदा निभावून नेतं. कमजोर हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही. मग पाणी पायांत उतरतं आणि फुप्फुसांत साचतं. म्हणून हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला ही गोळी देऊ नये, असंच डॉक्टरांचे नियम सांगतात. काकीला ती सुरू झाली तेव्हा हृदय ठीक होतं. अटॅकनंतर हृदयाच्या डॉक्टरांनी आपल्या गोळ्या लिहिल्या, साखरेची जुनी चिठ्ठी मात्र तशीच चालू राहिली. दोन डॉक्टर, दोन कागद, आणि दोन्ही एकत्र कोणी पाहिलेच नाहीत. यात माझ्या दुकानाचाही दोष आहे. गोळी आम्हीच देत होतो.

दुसरं नाव सॅक्साग्लिप्टिन. 2013 साली सुमारे 16,500 मधुमेहींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरातले 3.5 जण हार्ट फेल्युअरने रुग्णालयात भरती झाले, न घेणाऱ्यांपैकी 2.8. फरक छोटा आहे, पण ज्याचं हृदय आधीच थकलंय त्याने तो का अंगावर घ्यावा? सिटाग्लिप्टिनमध्ये असा फरक दिसला नाही, त्यामुळे नावं सारखी वाटली तरी घाबरू नका.

आता उपयोगी पडणारी. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि तिच्यासोबत थोडं मीठ-पाणीही जातं. 2019 च्या एका अभ्यासात हार्ट फेल्युअर असलेल्यांना डापाग्लिफ्लोझिन दिलं. सुमारे दीड वर्षात आजार बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे शंभरातल्या 21 ऐवजी 16 जणांच्या वाट्याला आलं. मधुमेह नसलेल्यांनाही तितकाच फायदा झाला. पेटंट संपल्यावर ही औषधं बरीच स्वस्तही झाली आहेत. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बरं असेल तर चालतं. ग्लिमेपिराइड हृदयाला थेट त्रास देत नाही, पण जेवण चुकलं की साखर एकदम खाली आणतं.

कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: "माझं हृदय कमजोर आहे, ही गोळी मला चालते का?"

वजन रोज, पण एकाच पद्धतीने

सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा टणक लादीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर तो खोटं बोलतो. आकडा दाराआडच्या कॅलेंडरवर लिहा. अंगात साचलेलं एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो, आणि चरबी काही तीन दिवसांत दोन किलो चढत नाही.

काकीचं सूज नसतानाचं वजन 58.2 होतं. गणपतीत सुनेने कॅलेंडरवर लिहिलेले आकडे: 58.4, 58.9, 59.6, 60.5. शेवटच्या तीन दिवसांतच दोन किलोंच्या वर वाढ. हे आकडे पाहून मी डॉक्टरांना फोन लावला. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर त्याच दिवशी कळवायचं, पाय सुजण्याची वाट पाहायची नाही. सूज दिसते तोवर बरंच पाणी आधीच साचलेलं असतं.

सूज दाबून बघा

नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून ठेवा आणि काढा. खळगा राहिला तर ते पाणी आहे. दिवसभर उभं राहून आलेली सूज सकाळपर्यंत बरीच उतरते. सकाळीही खळगा पडत असेल तर चिंतेचं. माणूस अंथरुणालाच खिळलेला असेल तर पाय नव्हे, कंबरेखालची पाठ दाबा, पाणी तिथे उतरतं. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिननेही घोटे सुजतात, पण त्यात वजन असं झपाट्याने चढत नाही आणि दम लागत नाही.

आडवं झाल्यावर खोकला येणं, एका उशीच्या दोन उशा होणं, मध्यरात्री धाप लागून उठून बसणं, यापैकी काही असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. बसूनही श्वास पुरत नसेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ 108.

मिठाचा खेळ आणि तापाचे दिवस

आपल्याकडे मीठ जेवणात दिसत नाही, ते सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड आणि खारातल्या कैरीत लपतं. पावसाळ्यात मासळी बंद असली की सुकं रोजचंच होतं, आणि तेव्हाच सूज चढते. काकी म्हणाली, "सुकटीशिवाय पेज गिळायची कशी?" आठवड्यातून एकदा, भिजवून पाणी काढून, थोडीच, यावर तडजोड झाली. गुडघेदुखीसाठी आमच्यासारख्यांकडून डायक्लोफेनॅक मागू नका, तेही पाणी धरून ठेवतं.

डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना गुप्तांगाला खाज येऊ शकते, जागा धुऊन कोरडी ठेवा. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा पोटात अन्नच जात नसेल, तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवून डॉक्टरांना विचारा. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी आणि जोरजोराने श्वास ही त्याची खूण.

काकीची तिहेरी गोळी बंद झाली. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन 10 मिलिग्रॅम आलं, लघवीची गोळी चार दिवस दुप्पट. नवव्या दिवशी काटा 58.0. साखर आधी थोडी वर गेली, मग आटोक्यात आली. महिन्याभराने मुंबईहून मुलगा तीन महिन्यांची औषधं घेऊन आला, जुन्या चिठ्ठीवरची! नावातल्या दोन अक्षरांचा फरक, आणि आत तेच पायोग्लिटाझोन. सुनेने पाकीट उलटून वाचलं आणि दुकानात परत आणून दिलं. जुनी चिठ्ठी तिने त्याच दिवशी चुलीत घातली.